फुगा तेवढाच, पण मराठी ओळ उंच

प्रश्न: इटालियन कॉमिक्सचं मराठी भाषांतर करतेय. वाक्यं फार लांब नसतात, तरी फुग्यात मावत नाहीत. अक्षरं बारीक करू का? आणि चित्रातले धाड-धूम आवाज तसेच ठेवायचे की बदलायचे?

अक्षरं बारीक करू नका. एका पानावर तीन फुग्यांत तीन आकार दिसले की वाचणाऱ्याला वाटतं, पात्र मध्येच कुजबुजतंय.

अडचण रुंदीची नसून उंचीची आहे, हे मला दोन अंक हातून बिघडल्यावर कळलं. इटालियन फुगे बहुतेक कॅपिटल अक्षरांत लिहिलेले असतात. कॅपिटलला खाली शेपूट नसते, वर एखादं स्वरचिन्ह आलं तर आलं, म्हणून ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं. इतक्या कमी अंतरात बसवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. इटलीतल्या बोनेल्ली प्रकाशनाच्या पद्धतीच्या अंकाचं पान 16 बाय 21 सेंटिमीटरचं, त्यात तीन पट्ट्या आणि पाच-सहा चौकटी. तिथे फुगा वाढवायलाही जागा नसते. म्हणून मी आधी ओळी मोजते. इटालियन चार असतील तर मला तीनच मिळणार, असं धरूनच लिहायला बसते.

समजा फुग्यात आहे: ‘आच्चिदेन्ती! / से ने सोनो आन्दाती / सेन्त्सा दिर्मी न्येन्ते. / ए अदेस्सो के फाच्चो?’ सरळ भाषांतर होतं, ‘अरे देवा! ते मला काहीही न सांगता निघून गेले. आता मी काय करू?’ याच्या चार ओळी होतात. आता चित्र बघा. रिकामी खोली, उघडं कपाट, दार सताड. ‘निघून गेले’ हे चित्रच सांगतंय, ते फुग्यात पुन्हा कशाला? पण आपल्याला कुणी सांगितलं नाही हा राग चित्रात नाही, तो ठेवावाच लागेल. म्हणून:

छे!
सांगितलंही नाही मला!
आता काय करू?

तीन ओळी, मधली सर्वांत रुंद, म्हणजे लंबगोलात बसणारी. ‘मला’ शेवटी गेल्यामुळे बोलण्यातला त्रागाही आला. मात्र छाटण्याआधी पुढची पानं वाचा. दोन पानांनंतर मित्र म्हणतो, ‘ते लावेवो देत्तो!’, म्हणजे ‘तुला सांगितलं होतं की!’ मी आधीच्या फुग्यात ‘पळाले वाटतं!’ एवढंच ठेवलं असतं, तर ‘सांगण्या’ची ही जोडी तुटली असती.

एक त्रास आपल्या भाषेचाच आहे. ‘दरवाज्यामागून’सारखा प्रत्यय-शब्दयोगी चिकटलेला शब्द मध्येच तोडता येत नाही. तो वरच्या अरुंद ओळीत येतोय असं दिसलं, तर वाक्याचा क्रम फिरवून त्याला मधल्या ओळीत आणा. मराठीत क्रम बराच हलतो, त्याचा फायदा घ्या.

आणखी एक फसवी जागा. दाराआडून कुणीतरी ‘आर्रीव्हो!’ म्हणतं. त्यावरून बाई की पुरुष कळत नाही, आणि रहस्यकथेत तेच हवं असतं. मराठीत ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहिलंत की भांडं फुटलं. तिथे ‘हो हो, एक मिनिट!’ चालतं.

आता आवाज. आधी बघा, तो फुग्यात आहे की चित्रातच रेखाटलेला. फुग्यातला बिनधास्त बदला: ‘तोक तोक’चं ‘टकटक’, ‘एत्चू’चं ‘आक्छी’, कोंबड्याच्या ‘किक्किरिकी’चं ‘कुकूचकू’. मात्र अक्षरांवरून उच्चार ठरवू नका. सी-आय-ए-एफ हे ‘सियाफ’ नव्हे, ‘चाफ’. पाण्यात पडल्याचा आवाज असेल तर ‘छपाक’. जी-आर-ए-टी दोनदा दिसलं तर ते खाजवणं, इटालियन क्रियापद ‘ग्रात्तारे’वरून आलेलं. तिथे ‘ग्रात ग्रात’ लिहून वाचकाला काहीच कळणार नाही, ‘खरखर’ लिहा. ‘गुल्प’, ‘सोब’ यांसारखे आवाज तर इंग्रजी कॉमिक्समधून इटालियनमध्ये आलेले. त्यांना ध्वनी म्हणून जपण्यात अर्थ नाही. आवंढा गिळला तर ‘गटक्’, रडू आलं तर हुंदका.

चित्रात रेखाटलेल्या आवाजासाठी प्रकाशकाकडे अक्षरांचा वेगळा थर असलेली फाइल मागा. ती नसेल तर मूळ आवाज राहू द्या आणि शेजारी लहान मराठी द्या. खोडून मागचं चित्र पुन्हा काढायचं हे चित्रकाराचं काम आहे, भाषांतराच्या मोबदल्यात ते अंगावर घेऊ नका. थर मिळाला, तर ‘क्राआआश’ ताणतात तसं ‘धाआआड’ करू नका, अवग्रह वापरा: ‘धाऽऽड’. कमानीवर अक्षरं पसरताना शिरोरेषा तुटली तरी चालेल, पण जोडाक्षर आणि मात्रा आपल्या अक्षराला सोडून जाता कामा नयेत. इनडिझाइनमध्ये `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते. छापण्याआधीच्या प्रतीत मी सर्वांत आधी तीच शोधते.