कॅमेऱ्यावाल्या परीक्षेबद्दल शाळेला पत्र लिहू का?

"मॅडम, पोरीच्या ऑनलाइन पेपरले मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवा लागते, एआय नजर ठेवते म्हणे. मागच्या पेपरात 'संशयास्पद' आलं. आता पेपर म्हटलं का पोरगी रडते. शाळेले पत्र लिहू का? लिहिलं तर तिच्यावरच डूख धरतीन का?"

लिहा भाऊ, पण रागात नको. यवतमाळकडच्या एका गावातले एक कास्तकार असंच पानभर रागाचं पत्र घेऊन आले होते, पोरगी नववीत. ते पत्र मी ठेवलं बाजूला आणि आधी पोरीशी बोलले. शाळेच्या मेसेजमध्ये तीन कारणं होती, नजर स्क्रीनवरून हटली, दुसरा आवाज आला, चेहरा दिसला नाही. मी तिला सहज १७ आठे विचारलं तर तिने लगेच वर पत्र्याकडे पाहिलं, म्हणजे आठवताना तिची नजर वरच जाते! दुसरा आवाज आजोबांच्या खोकल्याचा, घर एका खोलीचं, ते जातील कुठे? आणि लाइट गेली तेव्हा अंधारात चेहरा दिसला नाही. सिस्टीमला चोरी कळत नाही, तिला फक्त ठरवलेल्या हालचालीपेक्षा वेगळं काही झालेलं कळते, त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागते.

पण पोरीला खरं लागलं ते वेगळंच. पेपरच्या आधी मोबाइल फिरवून पूर्ण खोली दाखवावी लागली, त्यात दोरीवरचे कपडे, जमिनीवरचं अंथरूण सगळं आलं, आणि हे सर पाहतील म्हणून तिला शरम वाटत होती. बापाला हे माहीतच नव्हतं.

मग पत्र नव्याने लिहिलं, मुख्याध्यापकांच्या नावाने. पहिल्या परिच्छेदात ती तीन कारणं आणि प्रत्येकाच्या वेळी घरात खरं काय झालं ते, पेपरची तारीख टाकून. पुढे मागण्या, मार्क कापण्याआधी शिक्षकाने स्वतः व्हिडिओ पाहावा आणि पोरीचं ऐकून घ्यावं, व्हिडिओ कोण पाहते, कुठे राहते, कधी डिलीट होते ते लेखी सांगावं, खोली दाखवायला लावू नये, नाहीतर शाळेतच शिक्षकासमोर पेपर घ्यावा. "पोरगी परीक्षा द्यायला तयार आहे" हे वाक्य मी मुद्दाम टाकायला लावलं, नाहीतर शाळेला वाटते हे परीक्षाच टाळून राहिले.

भाऊंना कायद्याची धमकी टाकायची होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते हे खरं, पण नियमांमध्ये शाळांना अभ्यासाच्या आणि मुलांच्या सुरक्षेच्या कामापुरती सूट दिली आहे, म्हणून त्या जोरावर भांडू नका म्हटलं. पत्र हाती नेऊन द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्यायची, एवढं मात्र सोडू नका.

आणि डूख धरण्याचं म्हणाल तर, पोरीच्या हाती पत्र पाठवू नका, वर्गात तिलाच बोलणं खावं लागते. हे भाऊ स्वतः गेले. पुढचा पेपर तिने शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत दिला, 'संशयास्पद' शेराही काढला. व्हिडिओ कधी डिलीट होणार याचं उत्तर मात्र शाळेने दिलं नाही, त्यासाठी आता दुसरं पत्र लिहून राहिलो आम्ही.