जुन्या इमारतीतल्या फ्लॅटला कर कमी का?

प्रश्न: ठाण्यात माझ्याएवढ्याच शेजारच्या जुन्या फ्लॅटला मालमत्ता कर खूप कमी, असं का?

कारण ठाण्यात कर फ्लॅटच्या किमतीवर नाही, तर अपेक्षित वार्षिक भाड्यावर बसतो, आणि जुन्या इमारतीचं ते भाडं बहुधा जुन्या दरानेच धरलेलं असतं. कायद्यानुसार भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात. उरतं ते करयोग्य मूल्य. समजा ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटला चौरस फुटामागे महिना ४ रुपये दर धरला, तर वर्षाचे २४,००० आणि करयोग्य मूल्य २१,६००. तुमच्याकडे दर ८ धरला की आकडा थेट दुप्पट. बिलावर करयोग्य मूल्य छापलेलं असतं, दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहा. मुंबईने मात्र २०१० पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर घेतला. तिथे रेडी रेकनरचा म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, क्षेत्रफळ, वापर आणि वय मोजतात, त्यामुळे बाजारभाव वाढला की करही वाढू शकतो. नगरसेवकांना ते अर्थातच नको असतं.

मात्र पद्धत बदलून वसुली आपोआप वाढत नाही. थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती चढते, वादातली आणि पाडलेली घरंही पालिकेच्या कराच्या मागणीत राहतात, म्हणून कागदावरचा आकडा फुगतो आणि वसुलीची टक्केवारी घसरते.