'जो-तो' आणि कृदंत वेगळे नोंदव

सांगलीच्या मार्केट यार्डात वाक्यं गोळा करतोयस, तर एक सांगतो. भाषाशास्त्रज्ञ कीनन-कॉम्री यांची १९७७ची उतरंड सांगते की वाक्यातल्या कुठल्या नामावर संबंधी उपवाक्य किती सहज बनतं; ती कर्त्यापासून सुरू होऊन तुलनेच्या नामावर संपते. ती मराठीला लावताना 'असलेला'सारखं कृदंत आणि 'जो-तो' ही संबंधी उपवाक्याची दोन रूपं एकत्र मोजू नकोस.

'ज्या मुलापेक्षा गणपा उंच आहे, तो मुलगा' हे सहज चालतं. 'गणपा उंच असलेला मुलगा' म्हटलं की तुलनाच हरवते. म्हणजे शेवटची पायरी फक्त 'जो-तो' गाठतो.

खरी अडचण पुढे आहे: 'ज्या शेतकऱ्याने जी हळद आणली, त्याने ती विकली.' इथे नामं दोन, संबंधी उपवाक्य एकच. उतरंड एकच नाम गृहीत धरते, त्यामुळे हे वाक्य कुठल्याच एका पायरीवर बसत नाही. ते वेगळ्या रकान्यात लिही.