भाषणाचा वेग आणि अडखळशब्द: मोजायचे कसे?

माझी मुलगी सातवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेच्या सरावाचं रेकॉर्डिंग मोजलं, तर मिनिटाला 96 शब्द भरले. इंग्रजी व्हिडिओंत 130 ते 150 हवेत असं सांगतात. ती फारच हळू बोलते का? (खानापूर)

96 वरून तसं म्हणता येत नाही. तो आकडा इंग्रजीचा आहे आणि मराठी शब्द जास्त माल वाहतो. ‘मुलांनी शाळेसमोरच्या मैदानावर झाडे लावली’ हे आपलं वाक्य पाच शब्दांचं. इंग्रजीत तेच सांगायला बारा शब्द लागतात, कारण आपले विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. त्यामुळे मुलीची तुलना तिच्याच आधीच्या रेकॉर्डिंगशी करा. भावंडाच्या कन्नड भाषणाशी ताडून पाहायचं असेल तर शब्दांऐवजी अक्षरं मोजा. वरच्या वाक्यात ती 19 आहेत.

वेळ कुठून कुठपर्यंत धरायची? आणि आकडे, साल वगैरे किती शब्द धरायचे? (निपाणी)

पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. रेकॉर्डिंग सुरू केल्यानंतरची शांतता आणि शेवटच्या टाळ्या यांत धरू नका. खानापूरच्या मुलीचंच उदाहरण घेऊ. रेकॉर्डिंग 5 मिनिटं 12 सेकंदांचं आहे, पण ती 0:07 ला सुरू करते आणि 4:52 ला थांबते. म्हणजे 285 सेकंद, 4.75 मिनिटं. शब्द 456.

456 ÷ 4.75 = 96

पूर्ण रेकॉर्डिंगची वेळ धरली असती तर 88 आले असते. बोलण्यात काहीच बदल न होता आठ शब्दांचा फरक!

शब्द मोजायचे ते ऐकून उतरवलेल्या मजकुरातून, भाषणाच्या वहीतून नव्हे. मूल वहीतलं गाळतं आणि पदरचंही घालतं. आकडे अक्षरांत लिहा. बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचं साल ‘1924’ असं लिहिलं तर संगणक एक शब्द मोजतो, पण तोंडातून ‘एकोणीसशे चोवीस’ असे दोन बाहेर पडतात. ‘शाळेसमोर’ एका ठिकाणी जोडून आणि दुसरीकडे तोडून लिहिलं तरी मोजणी डळमळते. ‘अं’सारखे अडखळशब्द या 456 मध्ये नाहीत. ते वेगळे मोजायचे, म्हणजे अडखळणाऱ्याचा वेग उगाच वाढलेला दिसत नाही.

‘म्हणजे’ प्रत्येक वेळी मोजायचं का? आणि किती झाले म्हणजे जास्त? (बेळगाव)

तो शब्द काढून वाक्य पुन्हा वाचा. ‘मलप्रभा म्हणजे आपल्या खानापूरची नदी’ यातून तो काढता येत नाही, तेव्हा सोडून द्या. ‘तर म्हणजे आपण पाणी वाचवायला हवं’ यातून ‘तर’ आणि ‘म्हणजे’ दोन्ही गेले तरी अर्थ हलत नाही. इथे दोन मोजा. ‘आणिऽऽ’ असा पुढचा शब्द सापडेपर्यंत ताणलेला स्वरही एक धरा. मजकूर उतरवताना कान हे सगळं आपोआप गाळतो, म्हणून त्यांच्यासाठी 0.75 वेगाने वेगळं ऐका आणि कागदावर मिनिटागणिक रेघा मारा. दुसऱ्या दिवशी परत मोजा. दोन मोजण्यांत बरीच तफावत आली तर काय मोजायचं हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

हिशेब मिनिटामागे न करता शंभर शब्दांमागे करा. मिनिटामागे केला तर नुसतं हळू बोलूनही आकडा कमी होतो. या मुलीचे अडखळशब्द 38, म्हणजे शंभर शब्दांमागे साधारण 8. पण ‘जास्त किती’ यापेक्षा ‘कुठे’ हे पाहणं फार उपयोगाचं आहे:

| मिनिट | शब्द | अडखळशब्द |
|---|---|---|
| पहिलं | 121 | 4 |
| दुसरं | 98 | 6 |
| तिसरं | 86 | 11 |
| चौथं | 82 | 13 |
| शेवटचे 45 सेकंद | 69 | 4 |

पहिल्या मिनिटात शंभरामागे 3, तिसऱ्या-चौथ्यात मिळून 14. वेग उतरतो तिथेच अडखळणं वाढतं. तिला तो भाग नीट आठवत नाहीये. तिथल्या मुद्द्यांचा क्रम पक्का करून घ्या. वेग उतरला असता पण अडखळशब्द वाढले नसते, तर ती मुद्दाम घेतलेली विश्रांती असू शकली असती आणि त्याला हात लावायचं कारण नव्हतं. उलट पहिल्या मिनिटातले 121 घाईचे आहेत, हे 96 च्या सरासरीत पार झाकलं गेलं होतं.

घरी कन्नड-मराठी दोन्ही चालतं. मुलगा मध्येच ‘अंद्रे’, ‘मत्त’ म्हणतो. हे चुकीत धरायचं का? (खानापूर)

मोजा, पण कसोटी वरचीच लावा. ‘अंद्रे’ हे आपलं ‘म्हणजे’च आहे. त्यापुढे खरोखर खुलासा आला तर तो अडखळशब्द नाही, फक्त दुसऱ्या भाषेतला शब्द आहे. रिकामा आला तर ‘म्हणजे’च्याच रकान्यात टाका. रकाने वेगळे ठेवले तर ‘म्हणजे’ पाचने घटलं आणि ‘अंद्रे’ पाचने वाढलं तरी सुधारणा झाल्यासारखं वाटेल.