दर कपातीनंतर बँकेचा शेअर का पडला?

«मध्यवर्ती बँकेने दर अर्धा टक्का कमी केला म्हणून लगेच एका बँकेचा आणि एका कर्ज असलेल्या कंपनीचा शेअर घेतला. दोन्ही खाली आले. बातमी चांगली होती ना? माझं काय चुकलं?»

तुमची पोस्ट वाचली आणि माझे जुने दिवस आठवले. मीही अगदी हेच केलं होतं, फक्त रक्कम मोठी होती. मी सल्लागार नाही, त्यामुळे यातलं काहीही खरेदी-विक्रीचा सल्ला म्हणून घेऊ नका.

आधी बँकेचं बघू. दर उतरला की बँकेची कर्जं लवकर स्वस्त होतात, ठेवी मात्र हळूहळू. समजा बँकेने १००० कोटींची कर्जं दिली आहेत आणि त्यातल्या ६०० कोटींचा व्याजदर मध्यवर्ती बँकेच्या धोरणात्मक दराला थेट जोडलेला आहे. दर अर्धा टक्का उतरला की वर्षाचं व्याज ३ कोटींनी घटतं. मुदत ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने व्याज घेत राहतात. पहिल्या टप्प्यात त्यातल्या २०० कोटींच्याच ठेवींचे दर बदलले, तर वाचतो फक्त १ कोटी. बचत खात्यावर आधीच इतकं कमी व्याज असतं की तिथून फारसं काही सुटत नाही. म्हणजे वर्षाला २ कोटींचा खड्डा. निव्वळ व्याज उत्पन्न, म्हणजे मिळालेल्या व्याजातून दिलेलं व्याज वजा करून उरतं ते, ३० कोटी असेल तर ते जवळपास ७ टक्क्यांनी कमी झालं. पुढे जुन्या ठेवी एकेक करून संपतात तसा तो खड्डा भरत जातो, पण दोन-तीन तिमाही निकाल खराब येऊ शकतात आणि बाजार ते आधीच धरून चालतो. बँकेकडच्या रोख्यांची किंमत वाढते ती जमेची बाजू. पण मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून नोंदवलेल्या रोख्यांचा तो फायदा नफ्यात दिसत नाही.

माझा खरा फटका मात्र दुसऱ्या शेअरमध्ये बसला. कंपनीवर १००० कोटींचं कर्ज, व्याजाआधीचा नफा १२० कोटी, सरासरी ९ टक्क्यांनी व्याज ९० कोटी. उरतात ३० कोटी. मी कागदावर मांडलं: दर एक टक्का उतरला तर व्याज ८० कोटी होईल, नफा ४० कोटी, म्हणजे सरळ एक तृतीयांश वाढ. हिशोब बरोबर होता. चूक अशी की सगळं कर्ज तरत्या, म्हणजे बाजारातल्या दराबरोबर बदलणाऱ्या दराचं आहे, असं मी न बघताच गृहीत धरलं. त्यातलं ८०० कोटी हे ठरावीक दराच्या कर्जरोख्यांत होतं आणि त्यांची मुदत संपायला चार वर्षं बाकी होती. दर बदलला तो फक्त २०० कोटींवर. वाचले २ कोटी.

शिवाय दर उतरवले होते ते मागणी थंडावली म्हणून. कंपनीचा व्याजाआधीचा नफा १२० वरून १०८ वर आला, व्याज ८८ राहिलं, हातात २० कोटी. मी ४० ची वाट बघत होतो. कर्ज जास्त असलं की विक्रीतली छोटी घसरणही निव्वळ नफ्यात अशी मोठी होऊन येते.

खरेदीनंतर मी कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला तीनदा लिहिलं: किती कर्ज तरत्या दराचं आहे, एवढंच सांगा. दर वेळी उत्तर एकच, ‘आमचे कर्ज व्यवस्थापन भक्कम आहे.’ त्या उत्तरावर विसंबून मी आणखी दोन महिने शेअर धरून बसलो, याचा राग आजही येतो. हवा तो आकडा वार्षिक अहवालात, कर्जांच्या टिपेत होता: कोणतं कर्ज, कोणता दर, परतफेड कधी. ती टीप वाचायला मला २० मिनिटं लागली, तीही नुकसान झाल्यावर. माझं ठाम मत आहे की ज्या कंपनीची ही टीप संदिग्ध आहे, तिच्यात दरकपातीच्या आशेने पैसे घालू नयेत.

मूल्यांकनाबद्दल थोडंच लिहितो. भविष्यातल्या नफ्याची आजची किंमत काढताना वापरतात तो दर म्हणजे मध्यवर्ती बँक बदलते तो एका रात्रीच्या कर्जाचा दर नसतो, त्यात दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा धरलेला असतो. आणि तो कधीकधी उलट्या दिशेने जातो. १८ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या फेडने दर अर्धा टक्का कमी केला आणि डिसेंबरपर्यंतची एकूण कपात एक टक्का झाली. तेवढ्या काळात १० वर्षांच्या रोख्यांचा परतावा साधारण ३.७ वरून ४.६ टक्क्यांच्या आसपास चढला. तेव्हा निर्णयाच्या दिवशी मथळ्याबरोबर हा परतावाही बघत जा. अपेक्षित कपात तर शेअरच्या भावात बहुधा आधीच आलेली असते.

तुमच्या कंपनीच्या अहवालातली ती कर्जांची टीप सापडली तर इथे टाका. ठरावीक दराचं कर्ज किती, तरत्या दराचं किती, आणि येत्या १२ महिन्यांत फेडायचं किती, हे तीन आकडे पुरेत, मग हिशोब मांडून बघू. बँकेच्या बाबतीत धोरणात्मक दराला जोडलेल्या कर्जांचा वाटा शोधा, तो बहुतेकदा तिमाही सादरीकरणात असतो.