कलामचा अणुवाद: सुरुवात कुठून करायची

कलाम म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातली तर्काने वाद घालणारी परंपरा. तिचा अणुवाद समजून घ्यायचा तर सगळ्यात आधी ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटस डोक्यातून काढ. त्याचे अणू अनादि आहेत, कलामवाल्यांचा अणू म्हणजे 'जौहर' मात्र देव निर्माण करतो, आणि तो 'अरद' म्हणजे हालचाल, स्थिरता, रंग असल्या गुणांशिवाय एक क्षणही राहू शकत नाही. जगाला सुरुवात आहे आणि ती करणारा देव आहे, याचा सगळा पुरावा इथेच उभा आहे.

कलामच्या अशअरी पंथातला जुवैनी (मृत्यू 1085) चार पायऱ्या मांडतो, त्या एका दगडावर लावून बघ:

1. दगड पडून होता, आता घरंगळतोय, म्हणजे हालचाल ही दगडाहून वेगळी काहीतरी गोष्ट आहे.
2. ती नव्याने आली, आणि स्थिरता गेली म्हणजे तीही अनादि नव्हती, कारण अनादि गोष्ट नष्ट होत नाही.
3. दगड एकतर हलतो नाहीतर स्थिर असतो, तिसरं काही नाही.
4. अशा नव्याने येणाऱ्या गोष्टींची मागे अनंत साखळी असूच शकत नाही.

म्हणून दगडालाही सुरुवात आहे, आणि सुरुवात आहे तर ती करणारा हवा.

नवीन लोक चौथी पायरी हमखास गाळतात आणि मग पुरावा लंगडा वाटतो, कारण ॲरिस्टॉटलवाले नेमकं तिथेच अडवतात की गती कायमच चालू आहे. दुसरी चूक म्हणजे 'अरद दोन क्षण टिकत नाही' हे सगळ्यांचंच मत समजणं, ते अशअरींचं आहे, कलामच्याच दुसऱ्या पंथातल्या बऱ्याच मुअतझिलींना काही अरद टिकतात हे मान्य होतं. तत्त्वज्ञ इब्न सीनाचे या पुराव्यावरचे आक्षेप सध्या राहू दे.