पोटरीतला दाब सकाळपर्यंत थांबत नाही

एक्स-रेमध्ये कंपार्टमेंट सिंड्रोम दिसतो का? (प्रतापनगर)

नाही. कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटणं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, स्नायूतला दाब नाही.

भाच्याची नडगी मोडली, दुपारी प्लास्टर झालं. रात्रभर इंजेक्शन देऊनही तो विव्हळत होता. पहाटे नेलं तर रक्तदाब ११०/७०, पोटरीतला दाब ४५ निघाला आणि लगेच दोन्ही बाजूंनी पोटरी उघडली. एवढी घाई गरजेची होती का? शेजारी म्हणतात, बिलासाठी केलं. (हिंगणा)

गरजेचीच होती, आणि ती रात्रीच व्हायला हवी होती. शेजाऱ्यांचं ऐकू नका.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत असतात आणि कप्प्याचं आवरण फारसं ताणलं जात नाही. आत रक्त साचलं, स्नायू सुजले की दाब चढतो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रक्त न मिळालेला स्नायू आणखी सुजतो, दाब आणखी वाढतो. एरवी तो १० च्या आत असतो. भाच्याच्या खालच्या रक्तदाबातून, म्हणजे ७० मधून, ४५ वजा केले तर २५ उरतात. हा फरक ३० च्या खाली आला आणि लक्षणंही तशीच असली, की आवरण उघडावं लागतं. रक्तपुरवठा तुटल्यावर साधारण सहा तासांत स्नायू कायमचा मरू लागतो. जखम मुद्दाम उघडी ठेवतात. सूज उतरल्यावर काही दिवसांनी शिवतात, कधी त्वचा लावावी लागते.

हाड मोडल्यावर दुखतंच, पण प्लास्टरनंतर ते हळूहळू उतरायला हवं. ते चढतच गेलं, औषधाला दाद देईना, आणि दुसऱ्याने पायाची बोटं हळूच हलवली तरी पोटरीत असह्य कळ आली, तर त्याच क्षणी निघा. बधिरपणा येण्याची वाट बघू नका, तोवर बराच उशीर झालेला असतो.

पायाची नाडी लागते, बोटं गरम आहेत. मग काळजी नाही ना? (सक्करदरा)

आहे. वरच्या उदाहरणात धमनीतला वरचा दाब ११० होता, कप्प्यातला ४५. धमनी चालूच राहते, म्हणून नाडी लागते; गुदमरतो तो आतला स्नायू. दुखणं वाढत असेल तर नाडीवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

तोवर पाय उशांवर उंच ठेवावा का? (मानेवाडा)

अशा वेळी नको, छातीच्या पातळीवर ठेवा. उंच धरला की रक्त आणखी कमी पोहोचतं. क्रेप बँडेज सोडा. प्लास्टर घरी कापू नका. दवाखान्यात ते आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उघडायला सांगा.

मुलाचं कोपर मोडलं. हाडवैद्य म्हणतो, पट्टी घट्ट असली तरच हाड जुळतं. खरं का? (कामठी)

साफ खोटं. हाताच्या पुढच्या भागातही असेच कप्पे आहेत आणि घट्ट पट्टी बाहेरून दाब वाढवते. स्नायू मेले की ते आखडतात, मनगट आणि बोटं कायमची वाकडी होतात. लहान मूल नेमकं सांगू शकत नाही. ते बेचैन होतं, रडत राहतं, पुन्हा पुन्हा औषध मागतं, बोटं सरळ करू देत नाही. असं दिसलं तर पट्टी सोडा आणि रात्र असो की दिवस, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत त्याला काही खाऊ-पिऊ घालू नका.